उत्तर आलं तर प्रश्नचिन्ह

छापखान्यातला तपासनीस चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका निवडत आला होता, पण त्या सकाळी टेबलावर आलेली कादंबरी बघून त्याचा चष्माच घसरला. पहिल्याच पानावर नायिका सासऱ्यांना सांगत होती, ‘जाऊ न का?’

“हे काय रे?”

“काका, मीच केलं,” कॉम्प्युटरवाला म्हणाला. “लेखिकाबाई चिन्हं घालतच नाहीत. टाइप करणाऱ्यानं ‘आलासका’, ‘गेलासका’ जोडून ठेवलेलं. म्हटलं, ‘का’वर वाक्य संपलं किंवा ‘काय’, ‘कसा’ आलं की प्रश्नचिन्ह द्यावं आणि सगळे ‘का’ एका फटक्यात सुटे करावेत.”

‘का’ खरंच सुटले होते. ‘काका’चे ‘का का’ झाले होते, ‘एकाकी’चे तीन तुकडे. ‘काय’ नि ‘कसा’ दिसेल त्या ओळीला प्रश्नचिन्ह लागलं होतं, त्यामुळे ‘तो कसा पडला ते कुणी पाहिलं नाही’ हेही विचारणं झालं होतं. जुनी प्रत पुसली गेली होती.

मालक आत आले. “चारला बाई सहीला येतायत. त्या फिरल्या तर पुस्तक गेलंच, आणि तपासायला माणूस कशाला ठेवायचा, हेही बघावं लागेल.”

तपासनीस गठ्ठा काखोटीला मारून दोन गल्ल्या ओलांडून घरी गेला. तुटलेले शब्द त्याने स्वतःच सांधले. संवादांसाठी मात्र त्याची जुनी रीत होती: आपण वाचायचं, बायकोने भाजी निवडता निवडता ऐकायचं. ती उत्तर देऊन बसली की प्रश्नचिन्ह, नाहीतर नाही.

“जेवलास का.”

“अहो, आत्ताच तर जेवले!”

प्रश्नचिन्ह. ‘का’च्या आधी जागा सोड, चिन्हाला मात्र चिकटून बसव, अशी खूण.

“तू का रुसलीस ते मला कळलंय.”

ती गप्प. पूर्णविराम.

“काय देखणी आहेस तू.”

“चला, काहीतरीच!” ती लाजली. उद्गारचिन्ह.

तीनच्या सुमारास शेवटचं प्रकरण आलं. नायिका नवऱ्याला म्हणत होती, “इतक्या वर्षांत तू मला कधी काय विचारलंस.”

बायकोचा हात थांबला. तिने त्याच्याकडे पाहिलं, पुन्हा भाजीकडे पाहिलं, बोलली काहीच नाही. तपासनीसाने प्रश्नचिन्हावर पेन्सिल टेकवली, उचलली आणि समासात लिहिलं, ‘घरी उत्तर आलं नाही. काय ठेवू?’

चारला छापखान्यात लेखिकाबाई पानं उलटत गेल्या. त्या शेवटच्या समासाशी थबकल्या.

“घरी कोणाला वाचून दाखवता?”

“बायकोला.”

“आणि या वाक्याला ती गप्प बसली?”

“हो.”

“मग ठेवा प्रश्नचिन्ह. पुस्तकातला नवराही हे ऐकून गप्पच बसलाय.” त्यांनी सही ठोकली.

मालकांनी कॉम्प्युटरवाल्याला हाक मारली, “उद्यापासून आधी काकांना विचारायचं, मग बटण दाबायचं.”

तपासनीस लवकर घरी पोचला. भाजी चुलीवर होती. तो ओट्याशी जाऊन उभा राहिला आणि त्याने विचारलं, “तुला काय वाटतं गं?”

“कशाबद्दल?” बायको म्हणाली.

त्याला ते ठरवायचं राहिलंच होतं.