विलंबाचे कारण

नंदुरबारच्या मिरची बाजारात गाडी रांगेत उभी राहिली की तिचा नंबर ठरतो. चालक चहाला गेला, सावलीत आडवा झाला, तरी मागचा पुढे घुसत नाही. आमचा चालक याच शिस्तीत वाढलेला होता. हे मला ठाऊक होते.

मी मिरची पूड तयार करणाऱ्या एका कारखान्यात माल रवानगीचे काम पाहत असे. आमचा मोठा ग्राहक म्हणजे दुकानांची एक साखळी. तिचे गोदाम भिवंडीकडे. प्रत्येक ऑर्डरला दिवस आणि दोन तासांची वेळ ठरवून मिळे. त्या वेळेत, सांगितलेली सर्व खोकी पोहोचली तरच ऑर्डर पूर्ण धरली जाई. चार खोकी कमी पडली तरी चूक, गाडी उशिरा आली तरी चूक. दंड परस्पर बिलातून कापला जाई. चुका वाढल्या की नव्या ऑर्डरी थांबत. कारखान्याचे शेठ दंडापेक्षा त्याला जास्त भीत.

पूर्वी गोदामाचा पहारेकरी रांगेतून फिरून गाड्यांचे क्रमांक लिहून घेई. पुढे नियम बदलला. चालकाने स्वतः गेटच्या खिडकीवर जाऊन नोंद करायची. त्या नोंदीची वेळ तीच पोहोचण्याची वेळ. तसे पत्र मेलवर आले. मी ते वाचले. त्या दिवशी तीन गाड्या भरायच्या होत्या. चालकाला सांगायचे राहून गेले.

तो सकाळी सातला तेथे पोहोचला आणि रांगेत उभा राहिला. वेळ दहा ते बाराची होती. पहारेकरी येईल म्हणून वाट पाहत राहिला. सव्वाबाराला खिडकीवर गेला, तेव्हा त्याला दुसऱ्या दिवशीची वेळ मिळाली. खोकी एकही कमी नव्हती. ऑर्डर तरीही नापास झाली. त्या हंगामातली ती तिसरी.

तो परतला त्या दुपारी शेठनी आम्हा दोघांना समोर उभे केले.

"पाच तास तिथे काय केलंस? झोपा काढल्यास?"

"नही शेठ. सात वाजताच लाइनमा उभा व्हतू. गाडीखाले उतरनू बी नही."

"लाइनीत उभा राहून आरती ओवाळत होतास काय? खिडकीवर जायचं होतं." शेठ माझ्याकडे वळले. "तुम्ही याला सांगितलं होतं ना?"

मी म्हणालो, "हो."

चालकाने माझ्याकडे पाहिले. तो भांडेल अशी माझी अपेक्षा होती. मी उत्तरही तयार ठेवले होते. तो बराच वेळ कपाळ चोळत उभा राहिला. मग म्हणाला, "भाऊनी सांगेल व्हई, शेठ. मन्हाच ध्यानमा नही ऱ्हायनं."

साखळीकडून खुलाशाचा नमुना आला होता. त्यात दोन रकाने होते: विलंबाचे कारण आणि केलेली सुधारणा. पहिल्यात मी लिहिले, चालकाचा निष्काळजीपणा. दुसऱ्यात, चालक बदलला. दंड माफ झाला नाही. ऑर्डरी मात्र सुरू राहिल्या. शेठनी माझ्या मजकुराची तारीफ केली. नव्या चालकाला नियम मी दोनदा समजावून सांगितला.

निवृत्तीनंतरही मला तो चेहरा दिसतो. रागावलेला असता तर विसरलो असतो. तो आठवू पाहणारा चेहरा आहे. मी न बोललेले वाक्य तो स्वतःच्या डोक्यात शोधत असतो. दुपारी ओसरीवर बसलो की समोर येऊन उभा राहतो आणि कपाळ चोळतो.

गेल्या वर्षी पुरुषोत्तमनगरला साखर कारखान्याच्या वजनकाट्याबाहेर तो प्रत्यक्ष भेटला. हातात काठी होती. उसाच्या गाड्यांच्या चालकांना मागेपुढे होण्याच्या खुणा करण्याचे काम करत होता. मला पाहताच धावत आला, पाया पडला, बळेच चहा पाजला.

"गाडी सोडलीस?" मी विचारले.

"सोडी दिन्ही, भाऊ. तुम्ही सांगेल गोठ मन्हा कानवर पडनी नही, म्हंजे कानच गया, असं वाटनं. डॉक्टरले दखाडं. तो म्हने, कान चांगला शेतस." तो हसला. "मंग डोकंच गयं व्हई. असा मानूसनी घाटमा गाडी कशी चालाडवी? कोनले तरी चिरडी टाकसू."

"आता विसरतोस का काही?"

"तसं नही. पन भरोसा नही ना ऱ्हायना. घरवाली काही बोलनी ते दोनदा इचारस. ती चिडस. म्हने, बहिरा व्हयना का येडा?"

चहा संपला होता. तो माझ्याकडे पाहत राहिला. मी कधीतरी काही सांगेन आणि ते या वेळी नीट ऐकायचे, अशा तयारीने.

मी म्हणालो, "वय झालं की होतं असं."

त्याने मान हलवली. त्याला बरे वाटलेले दिसले.