सातशे पन्नास वॅट

आमचे दाजी जळलेल्या मोटारी गुंडाळतात. पंपाची असो की पंख्याची, त्यांचा पहिला प्रश्न एकच, "किती वॅट?" पस्तीस वर्षं त्या प्रश्नानं त्यांना दगा दिला नाही, आणि नेमका बायकोच्या वेळी दिला.

ताई, म्हणजे माझी थोरली बहीण, टेकडीवरच्या इस्पितळात धुलाई खात्यात कामाला. गुडघे गेलेले, त्यात वरची बस बंद झाली. दोनदा उशीर झाला होता आणि तिसऱ्यांदा झाला की घरी बसायचं, असं लेखी आलं होतं. दाजींनी एक जुनी स्कूटर आणली आणि मागच्या चाकात बसणारी मोटार घ्यायचं ठरवलं. हिशोब त्यांनी माझ्यासमोर केला. स्कूटर पासष्ट किलो, ताई पंचाहत्तर. वाटेतल्या वळणावरचा चढ सहा फुटांना एक फूट. सावकाश चढायला साडेपाचशे वॅट.

"सातशे पन्नासची घेतो," ते म्हणाले. "हातचं राखून."

रविवारी त्यांनी वाळूची पोती बांधून, आपलं आणि पोत्यांचं वजन ताईइतकं करून चाचणी घेतली. खालून जोरात आले, वळणाचा पन्नास पावलांचा उभा चढ त्या वेगाच्या भरातच निघून गेला. ताई माझ्याकडे बघून हसली. गेल्या वर्षभरात मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं.

रविवारी त्या वळणावरच्या इस्पितळाच्या नाक्याचा आडवा बांबू वर असतो. सोमवारी तो खाली होता. ताई थांबली, पहारेकऱ्यानं बांबू उचलला, तिनं मूठ पिळली. मोटार नुसती घुमली. चाक हललं नाही, आतल्या तारांवरचं वार्निश तापल्याचा वास सुटला आणि स्कूटर मागे सरकू लागली. पहिला दिवस म्हणून दाजींनी मला वळणावर थांबायला सांगितलं होतं; मी मागून धरली. ताई उतरली आणि कठड्याला धरून एकेक पाऊल टाकत वर गेली. मला स्कूटर दरीत ढकलून द्यावीशी वाटली.

संध्याकाळी ती म्हणाली, "उद्यापासून येऊ नका म्हणाले."

दाजी मोटारीचा कागद घेऊन बसले होते. "हे वॅट भर वेगातले," ते म्हणाले. "उभ्या चाकाला पिळाचा जोर लागतो. पन्नास न्यूटन-मीटर हवा होता. ही जीव काढून सदतीस देते. मी बघितलंच नाही."

"पुन्हा गुंडाळून जमेल का?" मी विचारलं.

"वेढे वाढवले तर करंट कमी लागेल, पण तेवढ्या जोराला तापणार तितकीच. आतलं लोखंडच लहान आहे. मोटारच मोठी हवी होती."

ताई गुडघ्यांना तेल चोळत होती. "हिच्यावर किती वजनाची बाई चढली असती?"

दाजींनी कागदाच्या कडेला आकडे मांडले. खोटं बोलायचं त्यांना तेव्हाही सुचलं नाही.

"अडतीस किलो."

"लग्नात मी बेचाळीस होते," ताई म्हणाली, आणि तेलाच्या बाटलीचं झाकण लावलं.