घरची ज्वारी

राजीनामा मी शाळेच्याच कागदावर लिहिला होता. शाळेच्या कार्यालयात कारकून होते, पगार अकरा हजार, आणि हेडमास्तरांच्या टेबलावर तो कागद कधी एकदा ठेवते असं झालं होतं. खाली सही केली होती, तारीख तेवढी टाकायची ठेवली होती. आठ दिवस तो पर्समध्ये घेऊन मी अकोल्यात फिरत होते.

कारण होत्या माझ्या जाऊबाई. त्या पातूरजवळच्या गावच्या. मुलीचा अकरावी-बारावीचा क्लास अकोल्यात लावला म्हणून दोन वर्षांसाठी आमच्याकडे राहायला आल्या होत्या. मुलीसोबत तिच्या क्लासच्या मैत्रिणी यायच्या. मेसच्या पोळ्यांना कंटाळलेल्या त्या पोरी जाऊबाईंची भाकर, पिठलं, वरण आणि ठेचा असं तुटून खायच्या की मला वाटलं, हेच विकलं तर?

याआधी साड्या आणून विकायच्या किंवा शिकवणी घ्यायची, असेही दोन विचार होते. साड्यांना भांडवल फार होतं, आणि शिकवणी माझ्या तापट स्वभावाला झेपली नसती. राहिली भाकर. एका रविवारी दुपारी मी राजीनाम्याचा कागद काढला, उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर हिशोब मांडला.

ताट साठ रुपयांचं. क्लासच्या गल्लीत चारशे पोरं असतील, त्यातली दहात एक आली तरी रोजची चाळीस. महिन्याचे चालू दिवस सव्वीस. म्हणजे एक हजार चाळीस ताटं आणि बासष्ट हजार चारशे रुपये विक्री. बेसन, तेल, भाजी, गॅस मिळून ताटामागे बावीस रुपये, म्हणजे बावीस हजार आठशे ऐंशी गेले. दुकानाचं भाडं सात हजार, लाइट-पाणी एक हजार, भांडेवाली सहा हजार. उरले पंचवीस हजार पाचशे वीस! मी दोनदा बेरीज-वजाबाकी केली. पगाराच्या दुपटीपेक्षा जास्त. मला तर नाचावंसं वाटलं.

शेजारच्या भाभींना दाखवायला गेले. भाभींचं घराच्या पुढच्या खोलीत वीस वर्षांचं शिलाईकाम. ब्लाउजचा भाव सांगताना त्या कधी अडखळत नाहीत. चष्मा लावून त्यांनी कागद वाचला आणि विचारलं, "ज्वारी कुठं हाय यात?"

"ज्वारी घरची हाय न, भाभी. तूरडाळही घरचीच. पातूरहून पोतं येते."

"घरची हाय म्हणून फुकट हाय का? तुह्या भासऱ्यानं ते पोतं बाजारात विकलं असतं तर पैसे आले असते का नसते?"

आमच्या वऱ्हाडात 'घरचं' म्हटलं की माणूस विचार करायचा थांबतो. घरचं दूध, घरची डाळ, घरचे कांदे, कोणी कधी किंमत विचारत नाही. दुसऱ्यांची खर्चाची बिलं रोज तपासणारी मी, घरचं पोतं मात्र तसंच सोडून दिलं होतं. भाभींनी खडूनं मेजावरच लिहिलं. ताटाला दोन भाकरी, पीठ आणि दळणाचे आठ रुपये, डाळीचे पाच. ताटामागे तेरा रुपये वाढले, खर्च पस्तीस झाला. एक हजार चाळीस ताटांचे तेरा हजार पाचशे वीस गेले आणि माझे पंचवीस हजार बारावर आले.

"बारा बी पगारापेक्षा एक हजारानं जास्तच हायेत," मी म्हटलं.

"आन रोजच्या ऐंशी भाकरी कोन थापते?"

"जाऊबाई."

"त्याईचा पगार?"

"त्या घरच्याच हायेत," मी म्हणाले, आणि वाक्य संपता संपता माझी मलाच लाज वाटली. जाऊबाई दारातच उभ्या होत्या. भाभींकडे शिवायला टाकलेला ब्लाउज न्यायला आल्या होत्या. ऐकून त्यांनी आपला ब्लाउज उचलला आणि त्याची घडी घालू लागल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग मीच खडू घेतला आणि लिहिलं, जाऊबाई, आठ हजार. उरले चार. म्हणजे अकरा हजारांची नोकरी सोडून मी चार हजारांसाठी दिवसभर उभी राहणार होते, तेही चाळीस ताटं गेली तर. मला रडू आलं, आणि राग आला तो भाभींचा. खरं सांगणाऱ्याचा राग मला आधी येतो, हा माझा जुना दोष आहे.

जाऊबाई घरी आल्यावर म्हणाल्या, "रडून काहून राहिली व? चाळीस पोरं येतीन हे तुले कोनं सांगतलं?"

"कोनी नाई. मीच धरलं."

"मंग धरू नको. मोजू."

पुढचे तीन दिवस जाऊबाई संध्याकाळी सात ते नऊ क्लासच्या गल्लीतल्या खाण्याच्या गाड्यांसमोर पिशवी घेऊन उभ्या राहिल्या आणि किती पोरं काय खातात ते मोजत राहिल्या. मुलीनं क्लासमध्ये विचारलं. साठ रुपयाला तीस जण हो म्हणाले, सत्तर सांगितलं तरी पंचवीस राहिले. भाभी म्हणाल्या, "हो म्हनायले पैसे लागत नाईत. वीसच धर." आणि दुकानाऐवजी स्वतःच्या घरापुढचा ओटा देऊ केला, फक्त संध्याकाळचा, तीन हजार रुपयांत.

नवीन हिशोब त्याच कागदावर, जुन्याच्या खाली बसवला. ताट सत्तर, खर्च पस्तीस, ताटामागे सुटतात पस्तीस. ओट्याचे तीन हजार, लाइट-पाणी पाचशे, भांडेवालीचे संध्याकाळपुरते साडेतीन हजार, जाऊबाईंचे आठ हजार. पंधरा हजार झाले. वीस ताटं सव्वीस दिवस, अठरा हजार दोनशे. उरले तीन हजार दोनशे, आणि शाळा पाच वाजता सुटत असल्यानं माझी नोकरी शाबूत. रोज सतरा ताटांच्या खाली गेलो तर तोटा. मे महिन्यात पोरं गावी जातात, तो महिना कोरडा धरायचा. तीन हजार दोनशे ही काही नाचण्यासारखी रक्कम नव्हती, पण या वेळी तिच्यातली एकही गोष्ट मी फुकट धरली नव्हती.

आम्ही सुरू केलं. सतरा हा आकडा आमच्या घरात देवासारखा झाला. पहिल्या दिवशी अकरा ताटं गेली, मी जेवले नाही. चौथ्या दिवशी एकोणीस गेली. एका मुलानं तिसरी भाकर मागितली तेव्हा जाऊबाईंनी आधी माझ्याकडे पाहिलं आणि मग शांतपणे सांगितलं, "दहा रुपये जास्तीचे, बाळा." पातूरला सासूबाईंना हे कळलं तर त्या म्हणाल्या, "आमच्या ज्वारीचे पैसे बी पाठवा मंग." पाठवले.

महिनाअखेर सरासरी एकवीस पडली. एक तारखेला मी जाऊबाईंच्या हातात आठ हजार ठेवले. लग्नाला एकोणीस वर्षं झालेली ती बाई नोटा मोजता मोजता थांबली आणि पुन्हा पहिल्यापासून मोजू लागली.

"बरोबर हायेत न?" मी विचारलं.

"बरोबर हायेत," त्या म्हणाल्या. "मले फक्त मोजून पाहाचे होते."

मी कागद काढला. पुढच्या महिन्याचा अंदाज लिहायला त्यावर आता जागा नव्हती, म्हणून उलटा केला आणि राजीनाम्याच्या ओळींवर आडवी रेघ मारून तिथेच सुरुवात केली. पहिल्या ओळीत लिहिलं, जाऊबाई, आठ हजार. बाकीचं सगळं त्याखाली.