चंपतरावांची ओळख

चंपतरावांनी रामटेकजवळच्या तलावांचं पाणी शेतांना सोडण्याचं काम तीस वर्षं केलं. तलावांतल्या गाळावर नागपूरला होणाऱ्या चर्चासत्राचं संचालन त्यांनीच करावं, ही कार्यक्रमपत्रिका काढणाऱ्या वैजयंतीची इच्छा. पण पत्रिकेतल्या ओळखीसाठी तिने सवयीने त्यांना पदव्या-पुरस्कारांचा फॉर्म पाठवला.

त्यांचा फोन आला. “ताई, यात मले लिहाले काहीच नाही. दुसऱ्या कोणाले बसवा.”

तिने घाईने नवी ओळख लिहिली : ‘गाळ किती खोल उपसला की तलाव झिरपू लागतो, हे यांनी पाहिलं आहे. नेमका प्रश्न कोणाला विचारायचा, हे ते जाणतात.’ ती वाचून दाखवली, तरी ते तयार झाले नाहीत.

संचालन एका प्राध्यापकांनी केलं. पत्रिकेत त्यांच्या सात पदव्या होत्या. झिरपण्याबद्दल कोणी विचारलंच नाही. शेवटच्या रांगेत ऐकायला बसलेले चंपतराव उठून गेले. ‘फॉर्म पाठवण्याऐवजी आधी फोनच करायला हवा होता,’ वैजयंतीला वाटत राहिलं.