मत देण्याची आमची पद्धत नाही

मला तो माणूस कधीच आवडला नाही. हे आधी सांगतो, म्हणजे पुढे कुणी माझ्या गळ्यात हार घालायला नको.

सत्तरच्या दशकात मी सोलापुरातल्या एका कापड गिरणीच्या आस्थापना विभागात कारकून होतो. माणूस कामाला लागला, कायम झाला, बढती मिळाली, सोडून गेला, सगळ्याचे कागद माझ्या टेबलावरून जायचे. तो साळखात्यात, म्हणजे मागांच्या खात्यात, असिस्टंट सुपरवायझर होता. हुशार, पण जीभ तिखट. एकदा रजेचा अर्ज अडकला म्हणून आमच्या खिडकीशी आला आणि दहा जणांसमोर मोठ्यानं म्हणाला, "ह्या टेबलावर कागद तरणाताठा येतो आणि म्हातारा होऊन जातो की!" सगळे हसले. शिपाईसुद्धा हसला. मी ते विसरलो नाही. विसरायचं कारणही नव्हतं.

त्याचं साळखात्याच्या मास्तरांशीही, म्हणजे खातेप्रमुखांशीही, बिनसलं आणि एक दिवस त्यानं राजीनामा दिला. बला गेली, असं मी घरी बायकोला सांगितलं.

काही महिन्यांनी मुंबईच्या एका चौकशी एजन्सीचं पत्र आलं. अशा एजन्स्या तेव्हा नवीनच ऐकू येत होत्या. मोठ्या कंपन्या माणूस घेण्याआधी त्यांच्याकडून जुन्या नोकरीची खातरजमा करून घ्यायच्या. ठाण्याकडच्या कुठल्याशा कापड कंपनीनं याला सुपरवायझर म्हणून निवडलं होतं, पण ऑर्डर आमच्या उत्तरासाठी थांबवली होती. पत्रात त्यानं दिलेली माहिती टाइप केलेली होती: कधीपासून कधीपर्यंत, कोणत्या हुद्द्यावर. हे बरोबर आहे का, एवढं आम्ही कळवायचं. खाली आणखी प्रश्न होते. वागणूक कशी? नोकरी का सोडली? पुन्हा घ्याल का?

आमचे साहेब, म्हणजे लेबर ऑफिसर, शांत गृहस्थ. त्यांचा नियम एकच: तारखा आणि हुद्दा, बास. बाकीच्या प्रश्नांसमोर 'मत देण्याची आमची पद्धत नाही' एवढं वाक्य. मी एकदा विचारलं होतं, चांगल्या माणसाबद्दल चांगलं लिहिलं तर बिघडलं कुठं? ते म्हणाले, "आज एकाबद्दल चांगलं लिहिलंत, उद्या दुसऱ्याबद्दल गप्प बसलात, तर तुमचं गप्प बसणं हीच त्याची निंदा." हे मला तेव्हा फार पटलं नव्हतं.

पत्राची बातमी मास्तरांपर्यंत पोचली. ते तरातरा वर आले. "लिहा, भांडकुदळ आहे. लिहा, आम्ही परत उभं करणार नाही." साहेबांनी नकारार्थी मान हलवली. मत नाही. मास्तर धुसफुसत माझ्या टेबलाशी थांबले, पत्र उचलून वाचलं आणि एकदम खूश झाले. "अरे, हा तर खोटं बोललाय! कायम झाला त्याच्या कितीतरी आधीची तारीख लावलीय पठ्ठ्यानं. तुमच्या रोलवर जी आहे ती कळवा. तारीखच आहे की, मत कुठंय?"

मी रोल काढला, म्हणजे कायम कामगारांची नोंदवही. रोलवर खरंच कायम झाल्याचीच तारीख होती. क्षणभर मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. घ्या आता, म्हटलं, कागद म्हातारा करणाऱ्याच्या हातात सापडलात.

पण मग डोकं ठिकाणावर आलं. गिरणीत माणूस आधी बदली म्हणून यायचा. म्हणजे रोज सकाळी भोंग्याला गेटावर उभं राहायचं आणि कायम कामगार कुणी आला नाही तर त्याचा माग चालवायचा. कुणी गैरहजर नसलं तर घरी परत. काही जण वर्षानुवर्षं असे यायचे. त्यांची हजेरी टाइम ऑफिसच्या वेगळ्या मस्टरवर, आमच्या रोलवर नाही. हा बदली विणकर म्हणून लागला तेव्हा त्याचं कार्ड मीच लिहिलं होतं. आणि त्यानं दिलेली तारीख तीच होती.

"मास्तर, ही बदलीची तारीख आहे."

"बदली म्हणजे काय नोकरी होते होय? नोकरी कायम झाल्यापासून."

माझं टाळकं सटकलं. "मग तोवर तो रोज तुमच्या खात्यात काय गिरणी बघायला यायचा? कापड कुणी विणलं, तुमच्या मेव्हण्यानं?"

मास्तरांना मेव्हणे नव्हते, पण ते सोडा.

त्याच दुपारी त्याचे वडील आले. वैरागहून एसटीनं, धोतर आणि टोपीवर रस्त्याची धूळ. उभ्यानंच म्हणाले, "सायब, पोरगं घरी बसून हाय. लगीन ठरलेलं, पोरीकडची मान्सं थांबल्यात. म्हनत्यात, नोकरीचा कागुद हाती पडू द्या. तुमी दोन चांगलं शबूद लिवा की त्येच्यासाटी."

"तसं लिहिता येत नाही बाबा."

"वाईट लिवनार हाय का मग?"

"तेही नाही."

"आवो मग लिवनार तरी काय?" म्हातारा कावराबावरा झाला. मी त्यांना पाणी दिलं, बाकावर बसवलं आणि जुनं मस्टर मागवून साहेबांच्या पुढ्यात उघडलं. मास्तरही हजर होतेच.

साहेबांनी दोन्हीकडचं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "एकच तारीख दिली तर ती खरी असूनही माणूस खोटा ठरतो. दोन्ही द्या." मी टाइप केलं: अमुक तारखेपासून बदली विणकर, अमुक तारखेपासून कायम विणकर, नंतर असिस्टंट सुपरवायझर, अमुक तारखेला राजीनाम्यानं सेवा समाप्त. खालच्या प्रश्नांसमोर आमचं ठरलेलं वाक्य. साहेबांनी सही केली. मास्तर पाय आपटत खाली गेले. त्यानंतर दिवाळीपर्यंत ते माझ्याशी बोलले नाहीत.

वडिलांना मी काय लिहिलंय ते वाचून दाखवलं. "एवडंच?" म्हणाले, आणि पिशवी उचलून गेले. मला भयंकर राग आला. तुमच्या पोरासाठी मी खात्याच्या मास्तरांशी वाकडं घेतलं, आणि एवढंच?

लग्नसराईत ते पुन्हा आले. हातात पत्रिका. पोरगा ठाण्याला रुजू झाला होता, स्वतः आला नव्हता. आभाराची चार ओळींची चिठ्ठीसुद्धा नाही. मला नवल वाटलं नाही. पत्रिका टेबलावर ठेवून वडील घुटमळले.

"आता कागुद गेला, काम झालं. आता सांगा की सायब. आमचं पोरगं हितं कसं हुतं?"

जिभेच्या टोकावर सगळं होतं. खिडकी, ते दहा जण, हसणारा शिपाई. म्हाताऱ्याकडे बघितलं. वैरागहून एवढ्यासाठी आलेला माणूस, मला पोराचा दोस्त समजत होता. खोटं माझ्यानं बोलवेना, आणि खरं तोंडातून निघेना.

मग मस्टरची ती पानं आठवली. काम मिळो न मिळो, गेटावर यायचा. खाडा जवळपास नव्हताच.

"रोज यायचा," मी म्हणालो. "काम नसलं तरी यायचा."

म्हाताऱ्यानं टोपी काढली, तिनंच डोळे पुसले. "मंग हे लिवायचं हुतं की, सायब," म्हणाला.