घटकाला एक कागद

सेमिस्टरभर प्राध्यापक सांगायचे आणि आम्ही मान खाली घालून उतरवून घ्यायचो. याला शिकवणं म्हणतात, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही.

वर्ध्याच्या आमच्या कॉलेजात एक तरुण प्राध्यापक आले. त्यांनी फळ्यावर मधोमध अभ्यासक्रमातल्या एका घटकाचं नाव लिहिलं, त्यातून जाड फांद्या काढल्या आणि एकेका फांदीवर एकच शब्द ठेवला. "याला माइंड मॅप म्हणतात. घटकाला एक कागद. शेवटच्या दिवशी एवढंच पाहायचं."

मी कॉलेजातल्या विद्यार्थी संघटनेची पत्रकं लिहिणारी. मला वाटलं, हेही पत्रकच आहे. अर्थशास्त्राच्या पाचही घटकांचे नकाशे स्टेन्सिलवर कोरले, सायक्लोस्टाइल करून वर्गभर वाटले. आमच्या सवयीप्रमाणे कागदाचा एक कोपराही मोकळा सोडला नाही.

माझा जास्त जीव वर्गातल्या एका मैत्रिणीसाठी तुटत होता. ती नाचणगावची, पुलगावहून गाडीनं यायची. हा पेपर तिचा एकदा राहिला होता. आता पुन्हा राहिला तर कॉलेज बंद, असं घरून ठरलं होतं.

पेपरच्या आदल्या दिवशी आम्ही व्हरांड्यात बसलो. तिनं माझा नकाशा वाचला, पालथा घातला आणि आठवून काढायला लागली. दोन फांद्यांवर अडली.

"काऊन अडली वं? सोपा तर आहे," मी म्हटलं.

"तुह्या रागाचा नकाशा हाय हा. 'लूट' एवढं मोठ्ठं लिवलं. पेपरात लूट विचारत नाई. प्रतवारी कुठं गेली?"

"ती सरकारी भानगड."

"पेपर काय तुही संघटना काढून राह्यली?"

मग तिनं माझ्याच कागदाची मागची कोरी बाजू वर केली आणि स्वतःच्या नोट्स उघडल्या. मधोमध लिहिलं 'शेतमाल विक्री', खाली बैलगाडी काढली. घरून गाडी निघते तशा फांद्या फुटत गेल्या: प्रतवारी, साठवण, वाहतूक, लिलाव आणि शेवटी पैशांचा चुकारा. प्रत्येकीला वेगळ्या रंगाची पेन्सिल. मग सगळं झाकून दुसऱ्या कागदावर पुन्हा काढलं. साठवण राहिली. तिनं नोट्समधलं तेवढंच पान वाचलं, बाकीच्यांना हात लावला नाही.

मी बघत राहिले. यातले बरेचसे शब्द माझ्या नकाशातही होते. तिथे ते तिला दिसत होते, पण सगळे आठवत नव्हते. इथे स्वतःच्या हातानं मांडल्याबरोबर डोक्यात बसले. असं का होतं, हे मी नंतर त्या तरुण प्राध्यापकांना विचारलं. "मलाही नीट माहीत नाही," ते म्हणाले. तोवर कुठल्या प्राध्यापकाच्या तोंडून हे वाक्य मी ऐकलं नव्हतं.

पेपर सुटल्यावर मी तिला फाटकाशी गाठलं. "साठवण?"

"लिवली. नाईतर माल पावसात भिजला असता."

निकालात ती जेमतेम सुटली. पुढच्या सेमिस्टरला, पहिल्याच आठवड्यात, ती वर्गात माझ्या बाकावर येऊन बसली आणि म्हणाली, "आता नकाशे आपापले काढजो. मले देऊ नको."