अकराव्या दिवसाची मोजणी

तुमच्या काकूला दिवस राहावेत म्हणून सोलापुरातल्या डॉक्टरीणबाईंनी बीज पिकवण्याच्या गोळ्या दिल्या होत्या. पाच महिने अकराव्या दिवशी सोनोग्राफीत बीजाची पिशवी सोळा मिलिमीटर दिसे. ती रोज दोनेक मिलिमीटर वाढून वीस मिलिमीटरच्या आसपास फुटे. त्याआधी काकाला माढ्याच्या नोकरीवरून बोलावून घेत असू. सहावा महिना शेवटचा ठरला होता.

त्या महिन्यात गोळ्या तिने वेळेवर घेतल्या, पण सोनोग्राफीचे दिवस तिच्याऐवजी मी मोजले. आमच्या घरच्या रीतीप्रमाणे मी पाळीच्या पहिल्या दिवसाऐवजी चौथ्या दिवसाच्या न्हाण्यापासून मोजले.

“पिशवी फुटून गेली. आज चौदावा दिवस आहे, आजी,” बाई म्हणाल्या. “सहा महिने झाले. आता गोळ्या बंद.”

रिक्षात काकू म्हणाली, “आई, आता मोजायला नको.”

मी बरं म्हटलं. घरी येऊन कुकर लावला.